सुनीताताई, आपल्या स्वयंपाकघरात स्वागत

रामबाग, इंदूर
४ जुलै २०२६

सौ. सुनीताताई यांस,
नमस्कार.

सोमवारी, ६ तारखेला सकाळी पावणेआठला या. काम आठला सुरू होतं, पण कपडे बदलून हात धुवायला पंधरा मिनिटं लागतात. मागच्या गल्लीतल्या दाराने आत यायचं, पुढून नाही. परवा बोलताना बरंच सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र. घरी निवांत वाचा.

दोन ॲप्रन, दोन टोप्या आणि दोन सुती कुर्ते आमच्याकडून मिळतील, पगारातून काही कापणार नाही. एक जोड अंगावर, एक धुवायला. कुर्ता साडीवर नको, सलवारीवर घाला. शेगडीजवळ पदर सुटला की जीव जातो. चप्पल मागून बंद आणि न घसरणारी हवी. पहिला जोड आम्ही देऊ. टोपीत केस पूर्ण गेले पाहिजेत, कानामागची बटसुद्धा.

आता बांगड्यांचं. काचेची बांगडी परातीत फुटली तर तुकडा कणकेत दिसत नाही, आणि बांगडीखाली मनगट नीट धुतलं जात नाही. म्हणून बांगड्या, अंगठी, घड्याळ आल्याबरोबर काढून तुमच्या कप्प्यात ठेवा. किल्ली तुमच्याकडेच राहील. मंगळसूत्र काढायला मी कोणालाही सांगत नाही, ते कुर्त्याच्या आत राहू द्या. नखं कापलेली, नेलपॉलिश नको.

हात साबणाने निदान वीस सेकंद धुवायचे: आल्यावर, बाथरूमहून आल्यावर, कच्ची भाजी, कचरा, पैसे किंवा मोबाइल हाताळल्यावर, नाक-केसांना हात लागल्यावर. ॲप्रनला हात पुसू नका. ओट्याचं फडकं आणि ताटांचं फडकं कधीच एक होऊ देऊ नका. चव बघायला वेगळा चमचा, आणि तो परत पातेल्यात जात नाही.

भाताबद्दल जरा जास्त लिहिते. शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला की त्यात जंतू वाढून विष तयार होतं, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. वास येत नाही, चवही तशीच लागते. म्हणून वाढायचा भात ६० अंशांच्या वर गरम राहतो, उरलेला पसरट थाळ्यांत लवकर गार करून फ्रिजमध्ये जातो. फ्रिज ५ अंशांच्या खाली असतो. दारावरचा आकडा वर गेलेला दिसला तर लगेच सांगा.

आषाढी जवळ आली. उपासाची पातेली, झारा, विळी वेगळ्या फळीवर आहेत, त्यांना लाल दोरा बांधलेला आहे. कांदा-लसणाचं भांडं त्या फळीवर ठेवू नका. लोक आपल्या भरवशावर उपास करतात.

ताप, जुलाब, उलट्या, कावीळ, हातावर पिकलेली जखम यांपैकी काही असेल तर स्वयंपाकघरात यायचं नाही. सकाळी सातपर्यंत मला फोन करा. आजारपणाच्या दिवसाचा पगार मी कापत नाही, कारण पगाराच्या भीतीने आजारी माणूस कामावर आला तर शंभर ताटं धोक्यात येतात. वर्षातून एकदा सगळ्यांची डॉक्टरांकडून तपासणी होते. तुमची पहिली याच आठवड्यात, खर्च आमचा.

ओला आणि सुका कचरा वेगळा, प्लॅस्टिक त्याहून वेगळं. इंदूरमध्ये हे शिकवावं लागत नाही, पण घाईत भाजीच्या सालांत दुधाची पिशवी जाते. निगमची गाडी परत पाठवते.

साडेआठला पोहे आणि चहा. साडेअकरा ते अडीच गर्दी असते, त्यात सुट्टी नाही. पाणी मात्र प्यायला जा, बाटली मागच्या पडवीत ठेवा. पावणेतीनला चाळीस मिनिटं जेवण. पडवीत बसून, ताजं, गिऱ्हाइकांना वाढतो तेच. गिऱ्हाइकांच्या ताटातलं उरलेलं कोणीही खायचं नाही. उपास असेल तर दहापर्यंत महाराजांना सांगा, तुमची खिचडी टाकतील. साडेचारला सुट्टी, गुरुवारी रजा.

काम महाराज सांगतील. ते नसतील तर भांड्यांवरच्या मावशी. त्या इथे सगळ्यांत जुन्या आहेत. वाढपी किंवा गल्ल्यावरचे दादा काही सांगू लागले तर "महाराजांना विचारते" म्हणा. रजा, पगार, घरची अडचण माझ्याकडे. कोणी वेडंवाकडं बोललं, अंगाला हात लावला, तर महाराजांची वाट न पाहता थेट माझ्याकडे या, मग तो माणूस कोणीही असो.

आणि एक अधिकार पहिल्या दिवसापासून तुमचा आहे. काही नासलेलं, पडलेलं, उघडं राहिलेलं दिसलं तर "थांबा" म्हणायचं. महाराजांनाही. गर्दी असली तरी. पातेलं फेकावं लागलं तर नुकसान माझं, त्यावरून तुम्हाला कोणी बोलणार नाही.

येताना आधारची एक प्रत, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो आणा. छत्री विसरू नका.

तुमची,
वहिनी