वाहतूक भत्ता मंजूर करण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
जिनिंग व प्रेसिंग कारखाना,
हिंगणघाट, जि. वर्धा

विषय : बदलीमुळे वाढलेल्या रोजच्या प्रवासासाठी दरमहा २,९०० रुपये वाहतूक भत्ता मिळण्याबाबत.

संदर्भ : १) समुद्रपूर तालुक्यातील कापूस खरेदी केंद्र बंद करून मला मुख्य कारखान्यात रुजू होण्याबाबतचा आपला आदेश, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू.
२) या विषयावर दिवाळीपूर्वी आपल्या दालनात झालेले बोलणे.

महोदय,

मी आपल्या कारखान्यात २०१४ पासून काटा लिपिक म्हणून काम करतो. सुरुवातीपासून यंदाच्या जुलै अखेरपर्यंत माझी नेमणूक समुद्रपूर तालुक्यातील खरेदी केंद्रावर होती आणि ते केंद्र माझ्या घरापासून अवघ्या ५ किलोमीटरवर होते. केंद्र बंद झाल्यावर आपण मला कामावरून कमी न करता मुख्य कारखान्याच्या वजनकाट्यावर सामावून घेतले, याची मला पूर्ण जाणीव आहे. या बदलीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. मात्र बदलीमुळे रोजच्या येण्याजाण्याचे अंतर जवळजवळ सहापट झाले असून तो खर्च सध्याच्या पगारातून भागवणे मला आता शक्य होत नाही. दिवाळीपूर्वी मी हे तोंडी सांगितले तेव्हा, नेमके अंतर, वेळ आणि खर्च लिहून द्या म्हणजे मालकांपुढे ठेवता येईल, असे आपण म्हणाला होता. त्याप्रमाणे संपूर्ण नोव्हेंबर महिना मी रोजची नोंद ठेवली आणि तिच्याच आधारे हा अर्ज करीत आहे.

प्रथम अंतराविषयी. माझे गाव चंद्रपूर रस्त्यापासून आत आहे. घरापासून फाट्यापर्यंत ४ किलोमीटर, फाट्यापासून जाम चौकापर्यंत ९ किलोमीटर आणि जामपासून नागपूर-हैदराबाद महामार्गाने कारखान्याच्या फाटकापर्यंत १६ किलोमीटर, असे एका बाजूचे २९ किलोमीटर होतात. जाऊन येऊन रोजचे ५८ किलोमीटर पडतात. हे आकडे मी मोटारसायकलच्या मीटरवरून घेतले आहेत आणि सकाळी घरी व नंतर फाटकाजवळ मीटरचे फोटोही काढून ठेवले आहेत. केंद्रावर असताना हेच अंतर रोज १० किलोमीटर होते.

नोव्हेंबरमध्ये रविवार सोडून कामाचे २५ दिवस होते. त्यांपैकी एक दिवस मी रजेवर होतो. उरलेल्या २४ दिवसांपैकी २० दिवस मोटारसायकलने आणि ४ दिवस एस.टी.ने आलो, कारण त्या चार दिवसांत गाडी दुरुस्तीला होती. या चार दिवसांमुळे दोन्ही प्रवासांची तुलना आपोआपच माझ्या हाती आली.

मोटारसायकलने सकाळी साधारण ५५ मिनिटे लागतात. संध्याकाळी मात्र सव्वा तास लागतो, आणि याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. हंगामात काटा बंद करून दिवसभराच्या पावत्यांची बेरीज जुळवेपर्यंत सात वाजतात, त्या वेळी पूर्ण काळोख असतो. जामपर्यंत महामार्गावर ट्रकची गर्दी असते, त्यातच कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालत असतात. चंद्रपूर रस्त्याला लागल्यावर, आणि विशेषतः फाट्यापासून गावापर्यंतच्या ४ किलोमीटरमध्ये, दोन्ही बाजूंना उभी तूर असल्याने रोही किंवा रानडुकरांचा कळप कोठून समोर येईल याचा नेम नसतो. १४ नोव्हेंबरच्या रात्री रोही आडवा आल्याने मी गाडीसह पडलो. सुदैवाने मला फक्त खरचटले, परंतु गाडीचा पुढचा भाग वाकला. गाडी दुरुस्तीला होती असे जे वर लिहिले आहे ते याच कारणाने. तेव्हापासून मी त्या पट्ट्यात ताशी २५-३० किलोमीटरपेक्षा वेगाने गाडी चालवत नाही, मग घरी पोहोचायला कितीही उशीर होवो.

असे जाऊन येऊन रोज २ तास १० मिनिटे रस्त्यावर जातात. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर हे ५६ तास २० मिनिटे होतात. केंद्रावर असताना दोन्ही वेळचे मिळून २५ मिनिटे, म्हणजे महिन्याला ११ तासांपेक्षाही थोडे कमी लागत असत. बदलीनंतर महिन्याकाठी सुमारे ४५ तासांचा जादा वेळ प्रवासात जातो. या वेळेचा मोबदला मी मागत नाही, फक्त तो आपल्या माहितीत असावा अशी इच्छा आहे.

एस.टी.ने का येत नाही, असा प्रश्न आपण त्या दिवशी विचारला होता आणि तो रास्त आहे. आमच्या गावात सकाळी पहिली बस साडेदहाला येते. तोपर्यंत कारखान्याचा काटा सुरू होऊन अडीच तास झालेले असतात. म्हणून ऑटोने फाट्यावर जावे लागते, तिथे साधी बस धरून जामला उतरावे लागते, जामहून हिंगणघाटची बस घ्यावी लागते आणि बसस्थानकापासून पुन्हा ऑटोने कारखाना गाठावा लागतो. जलद गाड्या आमच्या फाट्यावर थांबत नाहीत. त्या चार दिवसांत मला सकाळी सरासरी दोन तास लागले, आणि संध्याकाळी तर शेवटची थांबणारी बस निघून गेल्याने दोन दिवस जामहून पुढे मालवाहू गाडीत बसून यावे लागले.

खर्चाच्या दृष्टीनेही एस.टी. परवडत नाही. एका बाजूला दोन ऑटोंचे ४० आणि दोन बसचे ५२ असे ९२ रुपये, म्हणजे रोजचे १८४ रुपये आणि २६ दिवसांचे ४,७८४ रुपये होतात. मासिक पास काढल्यास २० दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास करता येतो, तेव्हा बसचा खर्च २,७०४ वरून २,०८० रुपयांवर येतो. पण ऑटोचे २,०८० रुपये तसेच राहतात आणि एकूण ४,१६० रुपये लागतात. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, त्याचाही हा परिणाम आहे.

मोटारसायकलचा हिशेब असा आहे. माझी गाडी एका लिटरमध्ये सरासरी ५० किलोमीटर चालते. ५८ किलोमीटरला १.१६ लिटर पेट्रोल लागते आणि आमच्याकडील पंपावर मी लिटरमागे १०५ रुपये देतो, म्हणून रोजचे सुमारे १२२ रुपये आणि २६ दिवसांचे ३,१६७ रुपये होतात. महिन्याला गाडी १,५०० किलोमीटरहून अधिक चालत असल्याने दर दोन महिन्यांनी इंजिन ऑइल बदलावे लागते. ते, चेन, ब्रेक आणि टायरची झीज यांसाठी मी महिन्याला ३५० रुपये धरले आहेत. रोही आडवा आल्यानंतरच्या दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही. असा एकूण खर्च ३,५१७ रुपये होतो. माझा पगार १७,४०० रुपये असून त्याचा पाचवा हिस्सा केवळ कामावर येण्यात जातो.

यातून मी केंद्रावर असतानाचा माझा स्वतःचा खर्च वजा केला आहे. तेव्हा रोजच्या १० किलोमीटरला २६ दिवसांचे पेट्रोल आजच्या दराने ५४६ रुपयांचे होते आणि देखभालीला सुमारे ६० रुपये लागत, असे एकूण ६०६ रुपये. कामावर येण्याचा एवढा खर्च मी इतकी वर्षे स्वतःच करीत आलो आहे आणि पुढेही करीन. ३,५१७ मधून ६०६ वजा जाता २,९११ रुपये उरतात. बदलीमुळे वाढलेला खर्च तेवढाच आहे आणि म्हणून माझी मागणी २,९०० रुपयांची आहे.

हिंगणघाटला खोली घेऊन राहण्याचा विचार मी केला नाही असे नाही. पण खोलीचे भाडे या भत्त्यापेक्षा जास्त होते, घरी वृद्ध आई आहे, मुलगी यंदा दहावीला आहे आणि चार एकर शेतीचे काम पत्नी एकटीने पाहते. मार्चमध्ये परीक्षा संपेपर्यंत तरी घर सोडणे मला शक्य नाही.

काट्यावरील माझ्या कामाचे स्वरूप आपण जाणताच. हंगामात शेतकऱ्यांच्या गाड्या रात्रीपासून फाटकाबाहेर मुक्कामाला असतात. आठ वाजता काटा उघडला नाही तर पहिल्या गाडीपासून सगळी रांग थांबते, जिनमध्ये कापूस पोहोचत नाही आणि रेचे रिकामे फिरतात. १ ऑगस्टपासून आजपर्यंत मी एकूण तीन वेळा उशिरा आलो. त्यांतील दोन दिवस ऑगस्टमध्ये गावाजवळच्या नाल्याला पूर आल्याने रपट्यावरून पाणी वाहत होते आणि तिसरा दिवस एस.टी.च्या चार दिवसांतला आहे. मोटारसायकलने निघालो त्या दिवशी, पुराचे ते दोन दिवस सोडल्यास, काटा एकदाही उशिरा उघडलेला नाही. फाटकावरील हजेरी वहीत हे पडताळून पाहता येईल. म्हणूनच एस.टी.चा जास्त खर्च न धरता मी मोटारसायकलचाच हिशेब मांडला आहे, कारण कारखान्याच्या वेळेला तोच प्रवास उपयोगी पडतो.

खासगी कारखान्याला असा भत्ता देणे बंधनकारक नाही, हे मी जाणतो. माझी विनंती १ डिसेंबर २०२५ पासून आहे. मागील चार महिन्यांची रक्कम मी मागत नाही. संपूर्ण वर्षासाठी भत्ता देणे आपणास अडचणीचे वाटत असेल तर निदान हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च २०२६ अखेरपर्यंत तो मंजूर करावा आणि त्यानंतर आपण फेरविचार करावा. रोख भत्त्याऐवजी, हमालांना आणण्यासाठी जामकडे जाणारी कारखान्याची पिकअप सकाळी मलाही जामहून घेईल आणि संध्याकाळी त्यांना परत सोडायला जाते तेव्हा जामपर्यंत नेईल, अशी व्यवस्था झाली तरी मला चालेल. तसे झाल्यास मी गाडी जामला ओळखीच्या ठिकाणी ठेवीन. रात्रीचा महामार्ग टळेल आणि भत्त्याची रक्कमही निम्म्याहून कमी करता येईल. चंद्रपूर रस्त्याकडून येणारे प्रेस विभागातील दोन कामगार याच गाडीची विचारणा करीत आहेत, हेही येथे नमूद करतो.

मीटरचे मूळ फोटो माझ्या मोबाइलमध्ये असून आपण बोलवाल तेव्हा दाखवू शकेन. अंतराबाबत शंका असल्यास कारखान्याच्या एखाद्या माणसाने एक दिवस माझ्यासोबत येऊन मोजून घ्यावे.

आपण या अर्जाचा सहानुभूतीने विचार करून १५ डिसेंबरच्या पगारपत्रकापूर्वी निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
गजानन भोयर
काटा लिपिक, कर्मचारी क्रमांक ४७

सोबत :
नोव्हेंबर २०२५ मधील २४ दिवसांच्या प्रवासाच्या नोंदीची प्रत
पेट्रोल पंपाच्या ९ पावत्या
एस.टी.ची १४ तिकिटांपैकी उपलब्ध १३ तिकिटे
गाडी दुरुस्तीचे बिल (केवळ माहितीसाठी)