मामाचं स्वागत, पावसच्या पडवीत

या, या, देवगडकर मंडळी! नमस्कार काका, नमस्कार काकू. पाय धुवायला पाणी ठेवलंय. जैतापूरवरून आलात ना? वळणांनी जीव नकोसा केला असेल. आधी कोकम सरबत घ्या, मग ओळखी.

मी मुलीचा मामा. ही माझी ताई, हे भावोजी. भावोजी तसे अबोल, पण कलमांचा विषय काढलात तर तिन्हीसांजेपर्यंत सुटका नाही. तुम्हीही बागायतदार, म्हणून आधीच सावध करतो! हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, तो वाद तेवढा आज नको.

काका, काकू, होकार-नकाराची घाई आम्हाला नाही. घर बघा, माणसं बघा, मनात येईल ते विचारा. देण्याघेण्याची भाषा आमच्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही असं फोनवर बोललात, बरं वाटलं.

ताई, भावोजी, तुम्हीही संकोचू नका. मुलीकडचे म्हणून गप्प बसायचं नाही. नोकरी, मुंबईतली जागा, सगळं विचारा.

पोहे झाले की मुलांना सुपारीच्या बागेत फिरून येऊ दे, आपण मागे मागे जायचं नाही. आणि ताई, पोह्यांवर खोबरं जरा सढळ हाताने घाल गो!