मंगळवार, सव्वातीन : साहेबांशी बोलायचं ते

चतुर्थीची रजा संपून माणसं परतली आहेत, ऑडिट पुढच्या महिन्यात. मधले हे आठ-दहा दिवसच मोकळे. सव्वातीनला, कारण तीनच्या शिफ्ट बदलाची गडबड तोवर ओसरते आणि साहेब चहा घेऊन केबिनमध्ये असतात. वेर्ण्याहून डिचोलीकडची आमची बस साडेपाचला, म्हणजे घाई नाही.

सुरुवात सर्टिफिकेटने करायची नाही. एएसक्यूचा ग्रीन बेल्ट मिळाला हे साहेबांना ठाऊक आहे, पेढे त्यांनीही खाल्लेत. ११० प्रश्नांची परीक्षा पास झालो म्हणून कंपनीने पगार का वाढवावा? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. फी मी खिशातून भरली, हेही बोलायचं नाही. मला कुणी भरायला सांगितलं नव्हतं.

पहिलं वाक्य असं : "सर, लाइन दोनवर चेंजओव्हरचं जे काम केलं ते आता बाकीच्या लाइनींवर न्यायला हवं, आणि ते पूर्ण वेळ माझ्याकडे द्यावं असं विचारायला आलोय." इथे थांबायचं. काल रात्री घरी तालीम केली तेव्हा याच्यापुढे मी चार मिनिटं बोलत राहिलो. हिने बांगडे साफ करता करता साहेबांचा पार्ट केला आणि म्हणाली, "मला बोलायला कधी मिळणार?"

त्यांनी "सांग" म्हटलं की कागद पुढे करायचा. एकच पान. ब्लिस्टर लाइन दोन, एका प्रॉडक्टवरून दुसऱ्यावर जायला आधी सरासरी ३ तास ३५ मिनिटं, गेल्या चार महिन्यांची सरासरी २ तास १५ मिनिटं. महिन्याला साधारण २२ चेंजओव्हर, म्हणजे २९ तास २० मिनिटं वाचतात. कसं केलं ते दोन वाक्यांत : फॉर्मिंग आणि सीलिंगचे टूल, चेंज पार्ट आणि कागदपत्रं मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवली. लाइन क्लिअरन्सच्या एकाही पायरीला हात लावला नाही. हे दुसरं वाक्य विसरायचं नाही, कारण क्यूए दुखावलं तर साहेब काहीच मंजूर करणार नाहीत.

वाचलेल्या तासांचे रुपये करून दाखवायचा मोह होतो. मी करून पाहिले, आकडा भलताच गोंडस आला. पण त्या सगळ्या तासांत मशीनला माल असतोच असं नाही, आणि साहेबांनी हे एका प्रश्नात पकडलं असतं. त्यापेक्षा रविवार सांगायचे : आधी महिन्याला चार रविवार लाइन चालायची, आता एक. ओव्हरटाइम दुप्पट दराने जातो, तो हिशेब त्यांच्याच रजिस्टरमध्ये आहे.

ते काय म्हणतील?

"तू सुटलास तर लाइन कोण बघणार?" खरा प्रश्न हाच. उत्तर : माझ्या हाताखालचा मुलगा गेल्या तीन बॅच एकटा सांभाळतोय. सहा आठवड्यांत हँडओव्हर, तोवर दोन्ही कामं मी करतो. पण सहा आठवडेच. हे ठामपणे सांगायचं, नाहीतर दोन्ही कामं कायमची गळ्यात पडतील.

"बजेट एप्रिलमध्ये." तर भांडायचं नाही. नवं पद आत्ता, पगार एप्रिलपासून, आणि दोन्ही ईमेलवर.

"मग ब्लॅक बेल्टच कर." त्याला पूर्ण केलेले प्रोजेक्ट दाखवावे लागतात, सर. तेच मागतोय.

आता पैसे. सध्या ग्रॉस ३८,०००. मागायचे ४६,०००, ४४,००० ला हो म्हणायचं. आकडा मी आधी काढायचा नाही, पण विचारला तर "तुम्हीच बघा, सर" हे तोंडातून निघता कामा नये. सहा वर्षांत दोनदा ते म्हणालो आणि दोन्हीदा त्यांनी खरंच बघितलं, त्यांच्या पद्धतीने. ४४ च्या खाली आले तर "उद्या सांगतो" म्हणून उठायचं.

दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे असं सुचवायचंसुद्धा नाही. नाहीच आहे. आणि वेर्ण्यात निम्मी माणसं एकाच बसने येतात, खोटं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बाजूच्या डिपार्टमेंटमध्ये कुणाला किती मिळतं तेही काढायचं नाही, ते कळलं कुठून हाच विषय होऊन बसेल.

उठण्याआधी एवढं विचारायचं : "सर, एचआरकडे हे तुम्ही कधी न्याल?" तारीख मिळाली की बसमध्ये बसल्या बसल्या त्यांना चार ओळींचा ईमेल : काय बोललो, काय ठरलं, कोणती तारीख. मसुदा फोनमध्ये तयार आहे, फक्त तारीख घालायची. कागदाच्या दोन प्रती सोमवारीच काढून ठेवायच्या, मंगळवारी प्रिंटर चालू असेल याचा भरवसा नाही.