स्कूलबसच्या उशिरामुळे बुडणाऱ्या पहिल्या तासाबाबत मुख्याध्यापिकांना पत्र

दिनांक : 12 सप्टेंबर 2025

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका

विषय : स्कूलबस वेळेवर न आल्याने मुलांचा पहिला तास बुडत असल्याबाबत

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझी मुलगी सई सातवीच्या ब तुकडीत आहे आणि शाळेच्या बसने येते. आमच्या थांब्यावर बसची वेळ सकाळी 6:35 ची आहे. जुलैपासून ती बरेचदा सातनंतरच येते. मुले वर्गात पोहोचतात तेव्हा 7:15 ला सुरू झालेला पहिला तास संपत आलेला असतो.

आठवड्यातले तीन दिवस हा तास गणिताचा आहे. सध्या बीजगणिताची सुरुवात चालू आहे. समीकरण कसे मांडायचे हेच ऐकायला मिळाले नाही, तर पुढची उदाहरणे मूल नुसती उतरवून घेते. सईच्या वहीत अर्धवट सोडलेली पाने वाढत चालली आहेत. घटक चाचणी महिनाअखेरीस आहे, त्यामुळे मला खरोखर काळजी वाटते.

त्यात उशिराचा शेरा तिच्या डायरीत पडतो आणि वर्गाबाहेर थांबावे लागते. साडेसहापासून दप्तर घेऊन थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला हा शेरा का मिळावा? बसने येणाऱ्या मुलांना असा शेरा देऊ नये आणि त्यांना थेट वर्गात बसू द्यावे, ही माझी पहिली विनंती. यासाठी कंत्राटदाराच्या उत्तराची वाट पाहावी लागू नये.

बसमधल्या ताईंकडे चौकशी केली तेव्हा कळले की ही बस आधी दुसऱ्या शाळेची फेरी करून मग आमच्या मार्गावर येते. तिकडे दहा मिनिटे गेली की पुढचे सगळे थांबे मागे पडतात. चालककाकांना मी दोष देत नाही; उलट वेळ भरून काढायला त्यांनी बस जोरात हाकू नये, असेच मला वाटते. दोन फेऱ्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे किंवा आमच्या मार्गाला वेगळी बस देणे हे कंत्राटदाराचे काम आहे. वर्षाचे बसशुल्क आम्ही जूनमध्येच भरले आहे.

आपण परिवहन समितीची बैठक लवकर बोलवावी आणि कंत्राटदाराला तिथे हजर राहायला सांगावे. तोवर बस शाळेत किती वाजता आली याची नोंद फाटकावर रोज ठेवली, तर बैठकीत वाद उरणार नाही. उशीर होणार असेल तेव्हा पालकांना आधी निरोप मिळाला, तर आमच्यापैकी काहीजण मुलांना स्वतः आणून सोडू शकतील. बुडालेला गणिताचा भाग सरांनी मधल्या सुट्टीनंतर किंवा शनिवारी घेतला, तर फार उपकार होतील.

याच थांब्यावरच्या इतर पालकांशी माझे बोलणे झाले आहे; तेही बैठकीला येतील. मला शनिवारी सकाळी किंवा कोणत्याही दिवशी चारनंतर भेटता येईल. बैठकीची तारीख सईच्या डायरीत कळवावी.

आपली विश्वासू,
सईची आई
(इयत्ता सातवी, तुकडी ब)

सोबत : डायरीतील उशिराच्या शेऱ्यांच्या छायाप्रती