शिष्यवृत्तीची उर्वरित रक्कम खात्यात जमा न झाल्याबाबत अर्ज

दिनांक : 18 जुलै 2025

प्रति,
मा. प्राचार्य,
कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय

विषय : भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा 2024-25 चा केंद्र हिस्सा अद्याप जमा न झाल्याबाबत, आणि तृतीय वर्षाचा प्रवेश त्यासाठी न अडवण्याबाबत

महोदय,

मी प्रतीक्षा रामराव गायकवाड. गेल्या वर्षी बीएस्सी द्वितीय वर्षात (रसायनशास्त्र) होते, निकालात उत्तीर्ण आहे. महाडीबीटीवर अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा माझा नूतनीकरणाचा अर्ज आपल्या कार्यालयाकडून व पुढे समाज कल्याणच्या जिल्हा कार्यालयाकडून मंजूर झालेला आहे. पोर्टलवर स्थिती Approved अशीच दिसते.

मंजूर रक्कम 12,200 रुपये आहे : शिक्षण व परीक्षा शुल्क 9,200 आणि निर्वाह भत्ता 3,000. त्यातला राज्याचा 40 टक्के हिस्सा, म्हणजे 4,880 रुपये, फेब्रुवारीत खात्यात आला. त्यातले शुल्काचे 3,680 रुपये मी लगेच कार्यालयात भरले, पावती सोबत आहे. केंद्राचा 60 टक्के हिस्सा, 7,320 रुपये, मात्र आजपर्यंत आलेला नाही. यात महाविद्यालयाचे 5,520 रुपये आहेत आणि माझ्या भत्त्याचे 1,800.

खिडकीवर मला दर वेळी एकच सांगितले जाते, "तुझं आधार बँकेला लिंक नसेल, ते बघून ये." ते मी बघितले. नवीन खाते उघडले की आधार तिकडे जोडले जाते आणि पैसे जुन्या खात्यात येत नाहीत, असे आमच्या गावात बऱ्याच जणांचे झाले आहे, म्हणून ही शंका मलाही होती. पण माझे एकच खाते आहे. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती Active दाखवते, बँकही तीच आहे आणि राज्याचा हिस्सा याच खात्यात आला. खाते चालू असल्याचे शाखेने पासबुकावर शिक्का मारून दिले आहे. आधारकार्डावरचे, बँकेतले आणि अर्जातले नाव अक्षरशः सारखे आहे. माझ्या बाजूने तपासण्यासारखे आता काही उरलेले नाही. पुढचे जे काही आहे ते क्लार्क लॉगिन, प्राचार्य लॉगिन किंवा जिल्हा कार्यालयातच दिसू शकते, आणि तिथे विद्यार्थ्याला पाहता येत नाही. माझ्या वर्गातल्या काही जणींचा केंद्र हिस्सा जमा झालेला आहे, म्हणजे निधीच आलेला नाही असेही म्हणता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. सोमवारी सूचना फलकावर शुल्क बाकी असलेल्यांची यादी लागली. माझ्या नावापुढे लाल शाईने "5,520 बाकी, प्रवेश नाही" असे लिहिले आहे. गुणपत्रकही बाकी भरल्याशिवाय मिळणार नाही असे सांगितले गेले. महोदय, ही रक्कम मी थकवलेली नाही. ती शासनाकडून यायची आहे आणि अर्ज मंजूर करताना महाविद्यालयानेच ती मान्य केलेली आहे. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. त्या यादीतले निम्म्याहून अधिक चेहरे मी ओळखते, ते सगळे शिष्यवृत्तीवालेच आहेत. फलकासमोर सगळ्या वर्गादेखत आपले नाव थकबाकीदार म्हणून वाचावे लागते, हे आम्हाला फार लागले. ती यादी कृपया काढून घ्यावी.

आई-वडील ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल दसऱ्याच्या सुमाराला मिळते, सध्या खुरपणीच्या मजुरीवर घर चालते. आज 5,520 रुपये उभे करायचे तर व्याजाने काढावे लागतील, आणि ते मला त्यांना करू द्यायचे नाही.

म्हणून विनंती अशी, की शिष्यवृत्ती विभागाने माझ्यासमोर लॉगिन उघडून अर्ज नेमका कुठे थांबला आहे ते एकदा पाहावे. त्रुटी आपल्या स्तरावरची असेल तर ती दुरुस्त व्हावी. नसेल तर केंद्र हिस्सा न आलेल्या सर्व विद्यार्थ्यांची यादी जोडून जिल्हा कार्यालयाला आपल्या सहीचे पत्र जावे. एकट्या विद्यार्थिनीच्या अर्जापेक्षा महाविद्यालयाच्या पत्राची दखल लवकर घेतली जाते. तोवर माझा तृतीय वर्षाचा प्रवेश निश्चित करावा व गुणपत्रक द्यावे. केंद्र हिस्सा जमा झाल्यापासून सात दिवसांच्या आत 5,520 रुपये भरेन, असे हमीपत्र सोबत जोडले आहे. त्यावर वडिलांचीही सही आहे.

प्रवेशाची मुदत 25 जुलैला संपते. त्याआधी लेखी उत्तर मिळावे आणि या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून पोच द्यावी, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
प्रतीक्षा रामराव गायकवाड
बीएस्सी द्वितीय वर्ष (2024-25), हजेरी क्र. 112
ता. केज, जि. बीड

सोबत : महाडीबीटी अर्जाची छापील प्रत, शुल्क पावती, पासबुकाची व आधार जोडणीच्या स्थितीची प्रत, हमीपत्र.