लग्नाचे छायाचित्रण : पॅकेजमध्ये काय, किती तास आणि अल्बम केव्हा

लातूर शहर व तालुक्यातील लग्नांसाठी आमच्या स्टुडिओचे पॅकेज ६५,००० रुपयांचे असून, त्यात हळदीचे ४ तास आणि लग्नाच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ६ असे १० तास दोन छायाचित्रकार व एक व्हिडिओग्राफर आपल्यासोबत राहतील. मुहूर्त पुढे सरकतो, जेवणाच्या पंगती लांबतात, हे आम्ही जाणतो. म्हणून पहिला जादा तास विनाशुल्क आहे, त्यापुढे प्रतितास २,५०० रुपये आकारले जातात. पाठवणीच्या वेळी आईचा हात सुटतानाचा क्षण आम्हाला सप्तपदीइतकाच मोलाचा वाटतो, त्यामुळे पाठवणी लांबली तरी त्या वेळेची वेगळी आकारणी होत नाही.

रंगदुरुस्ती केलेली ४०० छायाचित्रे १५ दिवसांत पेनड्राइव्हवर मिळतील. अल्बमसाठीची छायाचित्रे आपणच निवडावीत, असा आमचा आग्रह आहे, कारण कोणती आत्या किंवा कोणते मामा घराला किती जवळचे, हे आपल्यालाच ठाऊक असते. ती निवड हाती आल्यापासून ३० दिवसांत ४० पानांचा अल्बम, तर लग्नाच्या दिवसापासून ४५ दिवसांत संपूर्ण व्हिडिओ दिला जाईल. ड्रोन (७,००० रुपये) आणि प्री-वेडिंग चित्रण यात समाविष्ट नाही. तारीख निश्चित करताना १५,००० रुपये भरावेत.