विषय: जन्म-मृत्यू नोंदवह्या (खंड १ ते १४, सन १८९८–१९३१) स्कॅन करून मजकूर उतरवून घेण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेखपाल,
अभिलेख कक्ष

महोदय/महोदया,

आपल्या कक्षातील वरील १४ नोंदवह्यांची छायाचित्रे घेण्याची आणि त्यांतला मजकूर स्थानिक इतिहास प्रकल्पासाठी उतरवून घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. साथीच्या वर्षांत कोणत्या वस्तीत किती माणसे दगावली, कोणते व्यवसाय हळूहळू नाहीसे झाले, हे सांगणारा सलग कागद आमच्या माहितीत हाच आहे.

वाचनकक्षात खंड ३, ७ आणि ११ पाहता आले. खंड ७ ची शिवण सुटली आहे, खंड ११ च्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत आणि शाई काही ठिकाणी कागदाच्या आरपार गेली आहे. म्हणून फ्लॅटबेड स्कॅनर आम्ही वापरणार नाही. त्यावर वही उलटी करून दाबावी लागते आणि कण्यापाशी पाने तुटतात. त्याऐवजी वही व्ही-आकाराच्या आधारावर साधारण १०० अंशच उघडून वरून कॅमेऱ्याने छायाचित्र घेऊ. या आधारावर एका वेळी एकाच बाजूचे पान कॅमेऱ्यासमोर सपाट येते, त्यामुळे आधी सगळी उजवी पाने आणि मग सगळी डावी, असा क्रम राहील. फ्लॅश नाही, दोन्ही बाजूंनी एलईडी दिवे. छायाचित्रे रंगीतच हवीत, कारण फिकट तपकिरी शाई आणि पाण्याचा डाग यांतला फरक कृष्णधवल प्रतिमेत पुसला जातो. दर्जा ४०० पीपीआय. खंडाच्या पहिल्या आणि शेवटच्या छायाचित्रात मोजपट्टी व रंगपट्टी.

कोरी पानेही सोडणार नाही. ती वगळली तर पुढे क्रमांक तुटतो आणि पान गहाळ आहे की कोरे, हे कळत नाही. मधल्या सुट्या चिठ्ठ्या जागेवर एकदा, मग दोन्ही बाजूंनी टिपून होत्या तिथेच ठेवू. चिकटलेली पाने सोडवण्याचा प्रयत्न करणार नाही. त्यांची यादी आपल्याला देऊ. हात धुऊन कोरडे करूनच वही हाताळू. हातमोज्यांनी बोटांना अंदाज येत नाही आणि ठिसूळ कडा फाटतात. टेबलावर फक्त पेन्सिल असेल.

एका वहीत सुमारे २०० पाने, म्हणजे ४०० पृष्ठे धरली तर एकूण ५,६०० छायाचित्रे होतात. दोन जण रोज पाच तासांत साधारण ४०० पृष्ठे, म्हणजे एक वही पूर्ण करतात. नाजूक खंडांना जास्त वेळ लागेल, म्हणून १८ कामाचे दिवस मागत आहोत. वह्या कक्षाबाहेर नेणार नाही. फाइलचे नाव असे असेल:

```
khand07_p0123.tif
```

सर्व टिफ फाइल, पाहण्यासाठी जेपीजी आणि फाइल पुढे बदललेली नाही हे तपासण्यासाठी एसएचए-२५६ चेकसमची यादी वेगळ्या हार्ड डिस्कवर आपल्याला विनामूल्य देऊ. त्यानंतर रोजच्या चौकशीसाठी मूळ वही काढण्याची गरज कमी होईल.

मजकूर जसा आहे तसाच उतरवू. जुने शुद्धलेखन, चुकलेली नावे, खाडाखोड सुधारणार नाही. एक जण उतरवेल, दुसरा प्रतिमेशी ताडून पाहील, मतभेद राहिला तर त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. सर्वात जास्त घोळ ‘सदर’ आणि ‘〃’ या खुणांचा होतो. तक्ता नावानुसार लावला की ओळी हलतात आणि ‘सदर’ म्हणजे कोणते गाव, हे कायमचे हरवते. म्हणून मूळ खूण एका रकान्यात आणि तिचा अर्थ शेजारच्या रकान्यात ठेवू. तारखांचेही तसेच.

या नोंदींत मृत्यूचे कारण, जात, काही ठिकाणी बालकाच्या पितृत्वाबद्दलचे शेरेही आहेत. ज्यांच्या जन्माला १०० वर्षे झालेली नाहीत त्यांची नावे, आणि वर्ष कोणतेही असले तरी पितृत्वाचे शेरे, खुल्या सूचीत देणार नाही. आपला नियम याहून कडक असल्यास तो पाळू. आमची प्रत प्रमाणित नक्कल नाही, असे प्रत्येक पानावर छापलेले असेल. दाखल्यासाठी येणाऱ्यांना आपल्याकडेच पाठवू.

कृपया तीन गोष्टी स्वतंत्रपणे कळवाव्यात: छायाचित्रे घेण्यास परवानगी, सूची खुली करण्यास परवानगी, आणि प्रतिमा खुल्या करण्यास परवानगी. तिसरी नाकारली तरी पहिल्या दोहोंवर काम चालते. लागू शुल्क आणि हमीपत्राचा नमुनाही कळवावा.

एकदम १४ खंड देणे अवघड वाटत असेल तर आधी फक्त खंड ३ द्यावा. त्याची बांधणी शाबूत आहे. काम पाहून पुढचे ठरवावे. खंड ७ शिवण दुरुस्त झाल्यावरच, शेवटी घेऊ.

सोबत: तीन खंडांच्या स्थितीची नोंद, खंड ३ मधील एका पानाचे नमुना प्रतिलेखन, आधाराचे मापांसह रेखाचित्र. आधार दाखवण्यासाठी कोणत्याही कामाच्या दिवशी अर्धा तास मिळाल्यास तो घेऊन येऊ.

आपले विश्वासू,
समन्वयक व सहकारी,
स्थानिक इतिहास प्रकल्प